दिवसाला शंभर रुपये: छोट्या कंपनीचे दोन वार्षिक फॉर्म
(कोल्हापुरात तरुण उद्योजकांसमोर एका कंपनी सेक्रेटरीने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

2025 च्या मार्चमध्ये एक तरुण माझ्या ऑफिसात आला. शिरोली एमआयडीसीत त्याच्या वडिलांचं मशीन शॉप आहे. ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, संचालक तिघं: वडील, काका आणि हा. बँकेचं सीसी लिमिट रिन्यू करायचं होतं. बँकेने प्रत्येक संचालक आणखी कुठल्या कंपनीत आहे ते विचारलं आणि त्यात याची दुसरी कंपनी निघाली. मित्राबरोबर कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकण्यासाठी त्याने ती जून 2021 मध्ये काढली होती. बँकेने केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचा मास्टर डेटा उघडला, तर शेवटच्या ताळेबंदाची तारीख आणि शेवटच्या सर्वसाधारण सभेची तारीख, दोन्ही रकाने रिकामे.

मला तो म्हणाला, "मॅडम, त्यात धंदा असा झालाच नाही. वर्षाला लाख-दीड लाखाची विक्री. 2023 च्या दिवाळीत शेवटचा स्टॉल लावला आणि थांबलो. टॅक्स बसतच नव्हता, मग भरायचं काय?"

आज मी याच एका कंपनीबद्दल बोलणार आहे. नावं सांगणार नाही. पण तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न आहे हे मला माहीत आहे, कारण वर्षातून चार-पाच जण तरी तो घेऊन येतात.

त्याची चूक समजण्यासारखी आहे. प्रोप्रायटरी धंद्यात विक्री नसेल आणि उत्पन्न करपात्र नसेल तर फारसं काही भरावं लागत नाही. कंपनीचं तसं नसतं. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. तिने वर्षभरात काय केलं हे ती दरवर्षी कंपनी निबंधकाला, म्हणजे आरओसीला सांगते. कोल्हापूरच्या कंपन्यांसाठी ते ऑफिस पुण्यात आहे. "काही केलं नाही" हेही सांगावंच लागतं, आणि तेही ऑडिट केलेल्या ताळेबंदातून. उलाढाल कितीही कमी असो, कंपनीला ऑडिट चुकत नाही. आयकर विवरणाचंही तसंच आहे. उत्पन्न असो वा नसो, कंपनीला ते भरावंच लागतं.

आरओसीकडे जाणारे मुख्य फॉर्म दोन. एओसी-4 मध्ये ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, ऑडिटरचा अहवाल आणि संचालकांचा अहवाल जातो. एमजीटी-7ए हे वार्षिक विवरण. भागधारक कोण, संचालक कोण, कोणाकडे किती शेअर, वर्षात काय बदललं, हे त्यात येतं. हा 'ए' लावलेला फॉर्म छोट्या कंपन्यांसाठीचा, आटोपशीर. छोटी कंपनी म्हणजे भांडवल आणि उलाढाल दोन्ही ठरलेल्या मर्यादेच्या आत असलेली. 2022 मध्ये ती मर्यादा 4 कोटी आणि 40 कोटी केली होती, पुढे आणखी वाढवली. म्हणजे इथे बसलेले जवळजवळ सगळे छोटे. छोट्या कंपनीला कॅश फ्लो पत्रक लागत नाही आणि संचालक मंडळाच्या वर्षात दोन बैठका पुरतात.

आता मुदत बघा. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची. सभेपासून 30 दिवसांत एओसी-4 आणि 60 दिवसांत एमजीटी-7ए. सभा 30 सप्टेंबरला झाली तर 30 ऑक्टोबर आणि 29 नोव्हेंबर. नव्या कंपनीला पहिल्या सभेसाठी सहाऐवजी नऊ महिने मिळतात.

"सभाच घेतली नाही, मग 30 दिवस मोजायचे कुठून?" हे मला पुष्कळदा ऐकायला मिळतं, अगदी हिशोब लिहिणाऱ्यांकडूनसुद्धा. कायद्याने ही पळवाट ठेवलेली नाही. सभा झाली नाही, तर ती ज्या शेवटच्या तारखेपर्यंत व्हायला हवी होती तिथपासून दिवस मोजतात.

उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये जादा फी लागते. 1 जुलै 2018 पासून हा दर आहे. बहुतेक इतर फॉर्मना जादा फी मूळ फीच्या 12 पटींवर थांबते. जीएसटीच्या विवरणालाही उशिराच्या फीची कमाल मर्यादा आहे. या दोन फॉर्मना ती नाही. फॉर्म भरेपर्यंत आकडा चढत राहतो.

त्या दोघांचा हिशोब मी कागदावर मांडून दाखवला. तिन्ही वर्षांचं सगळं 31 मार्च 2025 ला भरायचं असं धरलं.

पहिलं वर्ष 2021-22. पहिली सभा 31 डिसेंबर 2022 पर्यंत व्हायला हवी होती. एओसी-4 ची मुदत 30 जानेवारी 2023 ला संपली, उशीर 791 दिवस, म्हणजे 79,100 रुपये. एमजीटी-7ए ची मुदत 1 मार्च 2023 ला संपली, 761 दिवस, 76,100 रुपये. दुसऱ्या वर्षाचे 518 आणि 488 दिवस धरून दोन्ही फॉर्मचे 1,00,600. तिसऱ्या वर्षाचे 152 आणि 122 दिवस, 27,400. एकूण 2,83,200 रुपये.

कंपनीचं भांडवल एक लाख. त्या भांडवलाला एका फॉर्मची मूळ फी 300 रुपये. सहाही फॉर्म वेळेत भरले असते तर आरओसीला 1,800 रुपये गेले असते. ऑडिटरची फी वेगळी, पण ती आताही द्यावीच लागली, तीही एकदम तीन वर्षांची.

आकडा ऐकून तो काही वेळ गप्पच राहिला. पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. सलग तीन आर्थिक वर्षांचे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणं भरली नाहीत, तर कंपनी कायद्याच्या कलम 164 प्रमाणे तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. इथे पहिली दोन वर्षं आधीच चुकली होती आणि तिसऱ्या वर्षाच्या एओसी-4 ची मुदत 30 ऑक्टोबर 2024 ला गेली. साखळी त्या दिवशी पुरी झाली. तो पाच महिने आधी आला असता तर तिसरं वर्ष वेळेत भरून आम्ही ती तोडली असती. नंतर पैसे भरून फॉर्म गेले तरी ही अपात्रता आपोआप पुसली जात नाही.

पुढचं कलम 167 नीट ऐका. असा अपात्र संचालक, जिने चूक केली ती कंपनी सोडून, बाकी सगळ्या कंपन्यांतलं पद गमावतो. म्हणजे चपलांच्या बंद पडलेल्या कंपनीत तो संचालक राहिला, कारण तिथले कागद पुरे करायला कोणीतरी हवं. आणि वडिलांच्या चालत्या, वेळेवर सगळं भरणाऱ्या कंपनीत मात्र त्याचं पद रिकामं झालं. त्या कंपनीने काहीही चुकवलं नव्हतं. 2017 मध्ये सरकारने कलम 164 वापरून लाखो संचालक अपात्र ठरवले, शिवाय दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून काढल्या, तेव्हा पुष्कळांना हे पहिल्यांदा कळलं.

त्याच आठवड्यात त्याला कोणीतरी सल्ला दिला की मागच्या तारखा टाकून सभांची इतिवृत्तं तयार करा. मी स्पष्ट नाही म्हटलं. ते खोटं निवेदन ठरतं आणि त्याला तुरुंगापर्यंतची शिक्षा आहे. शिवाय ते लपतही नाही. ऑडिटरने सही केलेल्या प्रत्येक अहवालावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा 18 अंकी ओळख क्रमांक, लागतो, आणि तो सही केल्यापासून 60 दिवसांच्या आत काढावा लागतो. 2025 मध्ये काढलेल्या नंबरवर 2022 ची तारीख बसत नाही.

मग आम्ही सरळ मार्गाने गेलो. आधी ऑडिटर नेमला, कारण कंपनीने तोही नेमलेला नव्हता. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, कुरियरची बिलं, स्टॉलच्या पावत्या गोळा केल्या. इथे एक अडचण आली. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीने हिशोबासाठी सॉफ्टवेअर वापरलं, तर त्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहणारी सोय सुरू असावी लागते. त्यांच्याकडे एक्सेल शीट होती. ऑडिटरने अहवालात ते जसंच्या तसं लिहिलं, आणि तेच योग्य होतं. सभासद दोघंच असल्याने त्यांच्या लेखी संमतीने सभेची 21 दिवसांची नोटीस कमी करता आली. सभा खऱ्या तारखेने झाल्या आणि उशीर कागदावर दिसला. उशिरा सभा घेणं हा वेगळा कसूर आहे. त्याला एक लाखापर्यंत दंड आणि पुढे चालू राहिला तर दिवसाला 5,000 पर्यंत दंड आहे. तो कंपाउंडिंगचा, म्हणजे ठरलेली रक्कम भरून तडजोडीने मिटवण्याचा, अर्ज करून संपवावा लागतो.

एक दिलासा मात्र कायद्यातच आहे. फॉर्म न भरल्याबद्दल कंपनीला 10,000 रुपये आणि पुढे दिवसाला 100, कमाल दोन लाख, असा जादा फीपेक्षा वेगळा दंडही होऊ शकतो. प्रत्येक जबाबदार संचालकाला कमाल 50,000. छोट्या कंपनीला तो निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही. पण हा दंड ठरवणाऱ्या निर्णय अधिकाऱ्याची नोटीस येण्याआधी, किंवा आल्यापासून 30 दिवसांत, चूक दुरुस्त केली तर या दोन फॉर्मसाठी हा दंड लागत नाही. नोटीस आली म्हणून घाबरून ती कपाटात ठेवू नका. ते 30 दिवस फार मोलाचे असतात. 2,83,200 ची जादा फी मात्र यातून सुटली नाही. ती दोघांनी निम्मी-निम्मी भरली.

काहीजण सरकारच्या सवलत योजनेची वाट बघत बसतात. 2018 आणि 2020 मध्ये अशा योजना आल्या होत्या, खरं आहे. पण तिसरं वर्ष चुकलं की अपात्रता योजनेची वाट बघत नाही.

ज्यांचा धंदा थांबला आहे त्यांच्यासाठी वाट आहे. दोन आर्थिक वर्षं कंपनीने काही व्यवसाय केला नसेल, तर एसटीके-2 फॉर्म आणि 10,000 रुपये फी भरून तिचं नाव नोंदवहीतून काढायचा अर्ज करता येतो. त्याआधी ज्या वर्षी धंदा थांबला त्या वर्षअखेरपर्यंतचे सगळे वार्षिक फॉर्म भरलेले असावे लागतात. यांचा धंदा 2023-24 मध्ये थांबला, म्हणून तिन्ही वर्षं भरावी लागली आणि अर्ज करायला एप्रिल 2026 उजाडणार होतं. एखाद्याचा धंदा पहिल्याच वर्षी थांबला असेल तर त्याचा हिशोब वेगळा होतो. म्हणून फॉर्म भरायला घेण्याआधी शेवटचं बिल कोणत्या तारखेचं आहे ते शोधा.

मशीन शॉपच्या कंपनीत त्याचं पद गेल्याचा फॉर्म आम्ही भरला, त्याच्या जागी त्याची बहीण संचालक झाली आणि बँकेचं काम पुढे सरकलं. तो आजही रोज शॉपवर असतो, पण सही बहिणीची लागते. चपलांच्या कंपनीचं 2024-25 वर्ष त्या दोघांनी सभा सप्टेंबरात घेऊन वेळेत भरलं. दोन फॉर्म, फी 600 रुपये.