पानशेतच्या पुराच्या आठवणी गोळा करताना

आपल्या पेठेतल्या, किंवा पुरानंतर गोखलेनगरला राहायला गेलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या असतील तर माझं पहिलं सांगणं, सगळं आयुष्य विचारू नका, एक दिवस विचारा. 12 जुलै 1961, बुधवार. आधी पानशेत फुटलं, मग खालचं खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. तेव्हा जी पोरं 10 वर्षांची होती ती आज पंच्याहत्तरीला आलीत, म्हणजे हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलायचं नाही.

"पूर कसा होता?" असं विचारलं की "फार भयंकर होता हो" एवढंच येतं आणि गप्पा संपतात. त्यापेक्षा कोरा कागद द्या आणि वाड्याचा नकाशा काढून घ्या. दिंडी दरवाजा कुठे, चौक कुठे, हौद कुठे, तुमची खोली कुठली. मग विचारा, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं, आईने सगळ्यात आधी काय उचललं, धान्याचा डबा की देव? नकाशावर बोट ठेवून माणूस बोलायला लागला की तासभर थांबत नाही.

दुसरं म्हणजे पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. एक आजोबा ठामपणे सांगत होते की धरण फुटल्याचा धडाम आवाज मी ऐकला. आता पानशेत पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर, एवढ्या लांबून कसं ऐकू येणार? पण "असं नसेल हो" म्हणायचं नाही, माणूस मिटतो. मी विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता आणि धरण फुटलंय हे कोणी सांगितलं? म्हणाले गच्चीवर होतो, धरणाचं नंतर शेजारच्या काकांनी सांगितलं, आणि आवाज आला तेव्हा समोरच्या वाड्याची मातीची भिंत बसली होती. म्हणजे आवाज खराच, फक्त भिंतीचा होता. टिपणात दोन्ही ठेवलं, आधी म्हणाले ते पण आणि नंतरचं पण.

आणि सगळ्यांना एकत्र बसवायची घाई नको. सुरुवातीलाच चौघं एकत्र बसले की जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होते, बायका तर "हे सांगतायत तसंच" म्हणून गप्प बसतात. आधी एकेकाला वेगळं भेटा, पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर, सुरुवातीला नाव, जन्मसाल, तेव्हाचा पत्ता आणि हे कोणाकोणाला ऐकवलं तर चालेल ते त्यांच्याच आवाजात घ्या. मग सगळे नकाशे घेऊन एकत्र बसवा, तिथे खरी भांडणं होतात, हौद डावीकडे होता का उजवीकडे वगैरे, आणि ती पण रेकॉर्ड करा.

पूर ओसरल्यावरचं मात्र हटकून विचारा, कारण त्याचे फोटो फारसे कोणाच्या घरी नसतात. चिखल किती दिवस उपसला, पाणी कुठून भरलं, कोणाकडे राहिलात, आणि नव्या वसाहतीत जुना शेजार मिळाला का. यावर आज्या जास्त बोलतात, आजोबांपेक्षा.