ग्रिल, खिडकी आणि समितीला लिहायचं पत्र

मंडळी, सोसायट्यांच्या दुरुस्तीची कामं पाहताना सदस्यांचे समितीला आलेले अर्ज मला नेहमी वाचावे लागतात. ग्रिल आणि खिडक्यांचे अर्ज बहुतेक वेळा दोन ओळींचे असतात. ‘माझ्या सदनिकेस सेफ्टी ग्रिल बसवायची आहे व खिडक्या बदलायच्या आहेत, तरी परवानगी मिळावी ही विनंती.’ हा अर्ज सभेपुढे येतो, कुणीतरी म्हणतं, ‘डिझाइन काय आहे ते विचारा’, आणि विषय पुढच्या सभेवर जातो. सदस्याला वाटतं समिती मुद्दाम अडवते आहे. खरं तर ठरवण्यासाठी लागणारं काहीच त्या पत्रातून समितीच्या हाती आलेलं नसतं.

आपल्या राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरफार करायचा तर समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. अर्ज सचिवांकडे द्यायचा, ते तो समितीच्या सभेत ठेवतात आणि निर्णय लेखी कळवतात. ग्रिल आणि खिडकी या बाबतीत तर हा नियम मला पूर्ण पटतो. खोली तुमची असली तरी खिडकीची चौकट बसते इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत. ती भिंत रंगवायची, तिची गळती थांबवायची जबाबदारी सोसायटीची. त्या भिंतीला भोक पाडताना पाणी कुठे जाईल, आग लागली तर माणूस कसा बाहेर पडेल आणि वजन कशावर पडेल, एवढं समितीला कळलं पाहिजे. पत्रानं ते तिनं विचारायच्या आधीच सांगावं.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत आहे तशी साधारण पस्तीस-चाळीस वर्षांची चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नुकतं चालायला लागलेलं नातवंड. हॉलची खिडकी ५ फूट रुंद, ४ फूट उंच. चौकट लोखंडी, जुन्या पद्धतीची, बाहेर उघडणाऱ्या झडपांची. खालची पट्टी गंजलेली. लोखंड गंजलं की फुगतं, त्यामुळे चौकटीला लागून प्लास्टरला भेग पडलेली. मूल सोफ्यावर चढून खिडकीशी उभं राहतं. म्हणजे ग्रिल हवीच, आणि गंजकी चौकट तशीच ठेवून तिच्यासमोर नवी ग्रिल बसवण्यात अर्थ नाही. दोन्ही कामं एकत्र व्हायला हवीत.

आधी ग्रिल. या घरातल्या सगळ्यांच्या मनात बॉक्स ग्रिल होती, म्हणजे दीड फूट बाहेर काढलेला पिंजरा. तिथे कुंड्या ठेवता येतात, वाळत घालता येतं, मोह समजण्यासारखा आहे. पण हिशेब करून पाहा. खिडकीच्या मापात, भिंतीच्या आत बसणारी सपाट ग्रिल १२ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी सळीची केली, तर ५ बाय ४ फुटांना साधारण २७ किलो भरते. पिंजऱ्याला दोन बाजू, तळ आणि वरचं छप्पर वाढतं, वजन सहज दुपटीच्या पुढे जातं. त्यावर ओल्या मातीच्या चार-पाच कुंड्या आल्या की सगळा भार भिंतीबाहेर लोंबकळतो आणि तो पेलतात जुन्या प्लास्टरमागच्या विटांतले काही स्क्रू. त्यातला एक सुटून कुंडी खाली गेली तर खाली पार्किंग असतं, मुलं खेळत असतात. शिवाय पिंजऱ्यामुळे अग्निशमन दलाच्या माणसांना बाहेरून खिडकीपर्यंत पोचणं कठीण होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सपाट ग्रिल मागा. समितीलाही हो म्हणणं सोपं जातं, विशेषतः सर्वसाधारण सभेनं आधीच एखादं डिझाइन ठरवलेलं असेल तर. त्या ठरावाचा उल्लेख पत्रात आवर्जून करावा.

मूल घरात असेल तर सळ्या उभ्या हव्यात. आडव्या सळ्यांवर मूल पायऱ्या चढावं तसं चढतं. दोन सळ्यांमधली मोकळी जागा ४ इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं किंवा लहान अंग आरपार जातं. हल्ली तारांची ‘इनव्हिजिबल ग्रिल’ पुष्कळ जण लावतात. मुलासाठी ती चालते, पण कटरनं तार कापता येते. चोरीची भीती असेल तर तिच्यावर विसंबू नये.

आता उघडणारा भाग. आगीच्या वेळी बाहेर पडता यावं म्हणून ग्रिलमध्ये एक दार ठेवतात आणि फॅब्रिकेटर ते दिसायला बरं म्हणून मधोमध ठेवतो. खिडकी सरकती असेल तर इथेच घोटाळा होतो. दोन काचांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मीच बाजू मोकळी होते. ५ फुटांची खिडकी असेल तर अडीच फूट, तेही चौकटीची जाडी धरून. दार मधोमध असलं तर निम्मं दार काचेआडच राहतं. काच कुठल्याही बाजूला सरकवा, माणूस जाईल एवढी वाट मिळतच नाही. म्हणून दार एका कडेला, काच सरकल्यावर मोकळ्या होणाऱ्या निम्म्या भागात पूर्ण बसेल असं हवं. आपल्या उदाहरणात ते दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच धरलं. कडी आतून, मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर. कुलूप लावायचंच तर किल्ली त्याच खोलीत खिळ्याला, आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक.

पाण्याच्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण शेजाऱ्यांची भांडणं इथूनच सुरू होतात. जुनी लोखंडी चौकट भिंतीत होल्डफास्टनं, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, पकडलेली असते. ती उपटताना आजूबाजूचं प्लास्टर आणि कधी विटांचे तुकडेही निघतात. छिन्नी-हातोड्यानं हाणण्यापेक्षा चौकट आधी ग्राइंडरनं कापावी आणि होल्डफास्ट शेवटी सोडवावेत, म्हणजे नुकसान कमी होतं. वरच्या लिंटलला, म्हणजे खिडकीवरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या तुळईला, आणि छज्ज्याला हात लावायचा नाही. खिडकीचं भोकही मोठं करायचं नाही. ते केलं की विषय महापालिकेच्या परवानगीचा होतो, सोसायटीची समिती ती देऊच शकत नाही.

नवी अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसली की खालच्या पट्टीत, म्हणजे ट्रॅकमध्ये, पावसाचं पाणी साठतं. ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकला बाहेरच्या अंगाला भोकं असतात. मी पाहिलेल्या गळत्यांपैकी पुष्कळ गळत्या अशाच: बसवणाऱ्यानं बाहेरून सिलिकॉनचा जाड थर दिला आणि त्यातच भोकं बुजली. मग वाऱ्याचा पाऊस आला की ट्रॅक भरतो, पाणी आतली कड ओलांडतं आणि भिंतीत उतरतं. ते तुमच्या घरात दिसत नाही. दिसतं खालच्या मजल्यावर, त्यांच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, ओलीचा पिवळसर डाग होऊन. डाग फक्त वाऱ्याच्या पावसानंतरच वाढत असेल तर आधी वरच्या खिडकीचा ट्रॅक तपासावा.

चौकट आणि भिंत यांच्यातली फटही महत्त्वाची. कारागीर ती पांढऱ्या सिमेंटनं भरून मोकळे होतात. पण अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं. ५ फुटांची चौकट ३० अंशांच्या फरकानं साधारण १ मिलिमीटर लांब होते. सिमेंटला ताण घेता येत नाही, एका उन्हाळ्यात केसाएवढी भेग पडते. म्हणून मोठी पोकळी पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायची आणि बाहेरच्या कडेला पाऊस-ऊन सोसणारं सिलिकॉन द्यायचं. खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, तो भिंतीपुढे इंच-दीड इंच काढायचा आणि त्याच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारायची, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवरून ओघळत नाही. आणि ग्रिलचे स्क्रू फक्त बाजूच्या भिंतींत, आतल्या अंगानं. खालच्या ग्रॅनाइटमध्ये ड्रिल मारलं की पाण्याला सरळ वाट मिळते.

हे सगळं ठरल्यावर त्या कुटुंबासाठी पत्राचा जो मसुदा झाला, तो असा:

‘मा. सचिव यांसी, सप्रेम नमस्कार. विषय: सदनिकेच्या हॉलच्या खिडकीची चौकट बदलणे व सुरक्षा ग्रिल बसवणे यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आमच्या हॉलच्या खिडकीची लोखंडी चौकट गंजली असून शेजारच्या प्लास्टरला भेग पडली आहे (फोटो सोबत). घरात लहान मूल असल्याने ग्रिलही आवश्यक आहे. त्याच मापात, भोक न वाढवता, सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या रंगाची अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवू. ग्रिल भिंतीच्या आत राहील, बाहेर काहीही येणार नाही. तिला एका कडेला आतून उघडणारे दार असेल. मापांचे रेखाचित्र व कारागिराचे दरपत्रक जोडले आहे. लिंटल, छज्जा, कॉलम व बीम यांना धक्का लावणार नाही. काम दोन दिवसांचे असून सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत होईल, खाली दोरी बांधून जागा बंद ठेवू व राडारोडा स्वखर्चाने हलवू. या कामामुळे खालच्या सदनिकेत गळती झाल्यास ती स्वखर्चाने दुरुस्त करून देऊ. तरी लेखी परवानगी मिळावी, ही विनंती.’

सही नोंदणीकृत सदस्याची हवी. भाडेकरूनं परस्पर दिलेल्या अर्जावर समिती निर्णय घेऊ शकत नाही, त्यानं मालकाकडून अर्ज द्यावा. दुसऱ्या प्रतीवर सचिवांची पोच, तारखेसकट, घ्यावी. आणि पत्र देण्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटून यावं. त्यांची छतं आणि कोपरे आधीच फोटोत टिपून ठेवले की नंतर डाग जुना की नवा यावर वाद होत नाही.

या प्रकरणात समितीनं दोन अटी घातल्या: पावसाळा सुरू होण्याआधी काम संपवायचं आणि शेवटी पाणी मारून दाखवायचं. दुसरी अट मला फार चांगली वाटली. पाइपनं पाणी आधी ग्रॅनाइटवर, मग ट्रॅकवर, मग बाजूच्या सांध्यांवर, असं खालून वर मारायचं आणि प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. म्हणजे ओल आली तर ती कुठल्या सांध्यातून आली ते कळतं. एकदम वरून पाणी सोडलं तर काहीच कळत नाही. इथे डाव्या बाजूच्या सांध्यातून आत थेंब आला. कारागीर अजून इमारतीतच होता, त्यानं तिथलं सिलिकॉन काढून पुन्हा भरलं. ते वाळल्यावर दुसऱ्या दिवशी परत पाणी मारलं आणि मग सचिवांनी काम पूर्ण झाल्याचा शेरा त्याच अर्जावर लिहून तो सदनिकेच्या फाइलला लावला.