तेरा आणि सतरा: आरएसएचं गणित हाताने सोडवताना

(अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

परीक्षेतलं हे गणित तुम्हाला तोंडपाठ आहे. "p = १३, q = १७ आणि e = ५ घेऊन आरएसए पद्धतीने पब्लिक आणि प्रायव्हेट की काढा. M = २० हा संदेश एनक्रिप्ट करा आणि पुन्हा डिक्रिप्ट करून दाखवा." दर वर्षी आकडे बदलतात, गणित तेच राहतं. आज मी हे एकच गणित घेणार आहे, पण सावकाश. मधल्या पायऱ्यांवर जे आकडे येतात त्यांच्याकडे कुणी बघतच नाही, आणि खरी गंमत तिथेच असते.

सुरुवात सोपी आहे. n म्हणजे १३ गुणिले १७, २२१. φ(n) म्हणजे १२ गुणिले १६, १९२. २२१ पर्यंतच्या संख्यांमध्ये २२१शी सहमूळ असलेल्या संख्या इतक्या आहेत. e = ५ चालतो, कारण ५ आणि १९२ यांचा मसावि १ आहे. ३ चालला नसता, कारण १९२ला तीनने भाग जातो. हे एक वाक्य उत्तरात लिहायचं विसरू नका. e दिलेलाच असला तरी तो का चालतो हे परीक्षकाला बघायचं असतं.

आता d. पाचाला कितीने गुणलं म्हणजे १९२ने भागून बाकी १ उरेल? १९२ला ५ने भागा, भागाकार ३८, बाकी २. मग ५ला २ने भागा, भागाकार २, बाकी १. आता उलटं चढायचं. १ म्हणजे ५ वजा दोनदा २. आणि २ म्हणजे १९२ वजा अडतीसदा ५. ते आत घातलं की १ = ७७ × ५ − २ × १९२. म्हणून d = ७७. ताळा लगेच करा: ५ × ७७ = ३८५, आणि १९२ची दुप्पट ३८४. बरोबर.

कधी कधी या चढणीच्या शेवटी ऋण संख्या येते आणि मुलं घाबरतात. याच गणितात e = १३ दिला असता तर १ = ४ × १९२ − ५९ × १३ असं आलं असतं. म्हणजे d = −५९. त्यात १९२ मिळवा, १३३. ताळा केला तर १३ × १३३ = १७२९, आणि १९२ × ९ = १७२८. हो, तीच रामानुजनची टॅक्सीवाली १७२९. तिचा इथे काही संबंध नाही, पण भेटली तर नमस्कार करून पुढे जावं.

आणखी एक ताळा फुकटात मिळतो. φ सम असतो, त्यामुळे e आणि d दोन्ही विषमच असतात. d सम आला की पुढे एक ओळही लिहू नका, मागे जा.

एनक्रिप्शन म्हणजे २०चा पाचवा घात, २२१ने भागून उरलेली बाकी. २०चा वर्ग ४००, बाकी १७९. इथे थांबा. १७९ला घेऊन पुढे गुणाकार करण्यापेक्षा त्याला −४२ म्हणा, कारण १७९ − २२१ = −४२. त्याचा वर्ग १७६४, बाकी २१७, म्हणजेच −४. हा झाला चौथा घात. आणखी एकदा २०ने गुणलं की −८०, म्हणजे १४१. C = १४१. तीन ओळी आणि सगळे गुणाकार तोंडी. मोठी बाकी ऋण करून घ्यायची ही सवय कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त कामाची आहे.

कारण डिक्रिप्शनला कॅल्क्युलेटर साथ देत नाही. १४१चा ७७वा घात ही १६६ अंकी संख्या आहे. परीक्षेत नेतो त्या कॅल्क्युलेटरवर ती मावत नाही, स्क्रीनवर एरर येते. पण खरा धोका त्याच्या आधीचा आहे. १४१चा पाचवाच घात ११ अंकी होतो. दहा अंकी स्क्रीनवर शेवटचा अंक दिसेनासा होतो, आणि बाकी काढायला नेमका तोच लागतो. इथे एरर येत नाही, चुकीचं उत्तर शांतपणे येतं. म्हणून दर पायरीला बाकी काढायची आणि घात वर्ग करत वाढवायचा. १४१ऐवजी −८० घेऊन:

घात १: −८०
घात २: ६४००, बाकी −९
घात ४: ८१
घात ८: ६५६१, बाकी −६९
घात १६: ४७६१, बाकी १२०
घात ३२: १४४००, बाकी ३५
घात ६४: १२२५, बाकी १२०

७७ = ६४ + ८ + ४ + १. तेव्हा १२०, −६९, ८१ आणि −८० यांचा गुणाकार हवा. १२० × −६९ ची बाकी −१०३. तिला ८१ने गुणलं की ५५. ५५ × −८० = −४४००, बाकी २०. संदेश परत आला.

आता ती यादी पुन्हा बघा. सोळाव्या घाताला १२० आणि चौसष्टाव्या घातालाही १२०. पेपर तपासताना मला इथे खाडाखोड दिसते. एकच आकडा दोनदा आला म्हणजे काहीतरी चुकलं असं वाटून मुलं पुन्हा वर्ग करत बसतात. चुकलेलं काहीच नसतं. १३ने भागताना, १३ने भाग न जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या बाराव्या घाताची बाकी १ येते, हा फर्माचा नियम. १७ने भागताना तेच सोळाव्या घाताला घडतं. दोन्ही एकदम घडायला १२ आणि १६ यांचा लसावि पुरतो, तो ४८. म्हणजे ४८व्या घाताला चक्र पूर्ण होतं, आणि १६ अधिक ४८ बरोबर ६४. दुसरं १२० ही चूक नाही, बरोबर चालल्याची खूण आहे.

याचा अर्थ d साठी १९२ लागतही नाही, ४८ पुरेत. ७७ला ४८ने भागा, बाकी २९. ५ × २९ = १४५, आणि ४८ × ३ = १४४. d = २९ हीसुद्धा चालणारी प्रायव्हेट की आहे. आरएसएचं आजचं मानक हा लसावि वापरूनच लिहिलेलं आहे. तरीही परीक्षेत ७७च लिहा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात ७७ असतं, आणि तिसऱ्या दिवशी शंभरावा पेपर तपासणाऱ्याकडून लसाविची अपेक्षा करू नये.

हाच धागा पकडला की डिक्रिप्शनची दुसरी वाट दिसते, आणि ती जवळजवळ तोंडी आहे. १३ आणि १७ वेगळे करा. १४१ला १३ने भागून बाकी ११, म्हणजे −२. घात ७७, पण बाराचं चक्र असल्याने ७७ऐवजी ५ पुरे. −२चा पाचवा घात −३२, बाकी ७. आता १७: १४१ची बाकी ५, घात ७७ऐवजी १३. पाचाचा वर्ग २५, म्हणजे ८. चौथा घात ६४, म्हणजे −४. आठवा १६, म्हणजे −१. तेरावा घात −१ × −४ × ५ = २०, बाकी ३. मग १३ने भागून ७ आणि १७ने भागून ३ उरणारी संख्या कोणती? ३, २०... २०च. प्रत्यक्षातली सॉफ्टवेअरही प्रायव्हेट की वापरताना याच चिनी शेषप्रमेयाच्या वाटेने जातात, कारण ती बरीच जलद आहे. परीक्षेत ही वाट ताळ्यासाठी ठेवा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक कोणती? d काढताना φ ऐवजी n घेणं. ५चा व्यस्त २२१ धरून काढला तर १७७ येतो, कारण ८८५ म्हणजे २२१ची चौपट अधिक १. उत्तर विषम आहे, नीटस आहे, ताळाही जुळल्यासारखा वाटतो. पण १४१चा १७७वा घात काढलात तर २० नाही, ७३ मिळतात. म्हणून डिक्रिप्शन नुसतं सूत्र लिहून सोडू नये. ते गणिताचं शेपूट नाही, आधीच्या सगळ्या पायऱ्यांची तपासणी आहे. दुसरी चूक कधी कधी प्रश्न काढणाऱ्याचीच असते: M हा n पेक्षा मोठा दिलेला असतो. M = २५० दिला तर परत २९ येणार, कारण २५० − २२१ = २९. तुमचं गणित बरोबर असतं. तसं एका ओळीत लिहा आणि पुढे जा.

आता एक प्रयोग. इंग्रजी अक्षरांना ए = १, बी = २ असे क्रमांक द्या. आपला २० म्हणजे टी. याच कीने, n = २२१ आणि e = ५ ने, प्रत्येक अक्षर वेगळं एनक्रिप्ट करा. ए म्हणजे १, त्याचा कुठलाही घात १च. एम म्हणजे १३, त्याचा चौथा घात ५२, पाचवा ६७६, बाकी पुन्हा १३. आर म्हणजे १८, त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. यू म्हणजे २१, त्याचा वर्ग ४४१, बाकी −१, चौथा घात १. ए, एम, आर आणि यू ही चार अक्षरं एनक्रिप्ट होऊनही तशीच राहतात. म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं राम, उमा किंवा अमर या कीने कुणी पाठवलं, तर तारेवर राम, उमा आणि अमरच दिसतील.

तेव्हा C आणि M सारखे आले म्हणून पान फाडू नका, आधी तपासा. ० ते २२० मधल्या २५ संख्या या कीखाली जागच्या हलत नाहीत. १३ धरून पाच, १७ धरून पाच, पाच पंचे पंचवीस. मूळ संख्या कितीही मोठ्या घेतल्या तरी अशा निदान नऊ संख्या असतातच. फक्त तेव्हा त्या इतक्या अफाट गर्दीत असतात की सहज भेटत नाहीत. एम आणखी एका कारणाने बघण्यासारखा आहे. १३ला १३नेच भाग जातो, तो २२१शी सहमूळ नाही, आणि वहीतली ऑयलरच्या प्रमेयाची सिद्धता त्याला लागू पडत नाही. तरी पद्धत चालते. का, ते मघाच्या दुसऱ्या वाटेने दिसतं: १३च्या बाजूला बाकी शून्य, शून्याचा घात शून्य, आणि १७ची बाजू नेहमीसारखी.

एकेक अक्षर वेगळं पाठवण्याची खरी अडचण याहून मोठी आहे. पब्लिक की सगळ्यांकडे असते. कुणीही सव्वीस अक्षरं स्वतः एनक्रिप्ट करून तक्ता बनवेल आणि d न शोधताच सगळं वाचेल. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७८ साली छापलेल्या मूळ निबंधातही उदाहरण हाताने करता येईल इतकंच लहान आहे: p = ४७, q = ५९, n = २७७३, d = १५७, e = १७. पण त्यांनी दोन-दोन अक्षरांचा एक गट केला. संदेश होता "इट्स ऑल ग्रीक टू मी". आय नववा आणि टी विसावा, म्हणून पहिला गट ०९२०, आणि तो एनक्रिप्ट होऊन ०९४८ झाला. याचाही तक्ता बनतो, फक्त सव्वीसऐवजी काहीशे ओळींचा. आज यासाठीच संदेशाला एनक्रिप्ट करण्याआधी यादृच्छिक भर घालतात, म्हणजे तोच संदेश दोनदा पाठवला तरी C वेगळा येतो. तीन तासांच्या पेपरात ते शक्य नाही, २२१मध्ये ती भर घालायला जागाच नाही. घरी सरावाला p = ११, q = २३ घ्या आणि e = ३. त्यातली कोणती अक्षरं हलत नाहीत ते शोधा, उत्तरं पुढच्या तासाला बघू.