आधी एप्सिलॉन, मग डेल्टा
(बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

गेल्या तासाला एकाने विचारलं, "सर, x हा 3 च्या जवळ गेला की x² हा 9 च्या जवळ जातो, हे उघड दिसतंय. मग ही ग्रीक अक्षरं कशाला?" प्रश्न चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

x ला 2.5, 2.9, 2.99, 2.999 असं चालवा. वर्ग येतात 6.25, 8.41, साधारण 8.94 आणि 8.994. हे 9 च्या जवळ जातायत, कबूल. पण 10 पासूनचं अंतर मोजा: 3.75, 1.59, 1.06, 1.006. तेही दर वेळी कमीच होतंय! म्हणजे x² 10 च्याही 'जवळ जवळ' जातोय. मग लिमिट 10 का नाही? 'जवळ जातो' या शब्दांत ते सांगायची सोयच नाही. हवं तितकं जवळ जाता आलं पाहिजे, आणि 10 च्या बाबतीत गाडी एकच्या अंतरावर अडते.

आता एक वर्कशॉप डोळ्यांपुढे आणा. पत्र्याचे चौरस तुकडे कापायचे आहेत, बाजू 3 सेंमी, क्षेत्रफळ 9 चौ. सेंमी. गिऱ्हाईक म्हणतं, "क्षेत्रफळात 0.1 पेक्षा कमी फरक चालेल." हा झाला एप्सिलॉन. कारागिराच्या हातात क्षेत्रफळ नसतं, बाजू असते. त्याला ठरवायचंय की बाजूत किती चूक झाली तरी चालेल. तो डेल्टा. गिऱ्हाइकाने कितीही कडक अट घातली, तरी कारागिराकडे उत्तर असलं पाहिजे. एवढीच व्याख्या आहे.

उत्तर काढू. |x² − 9| = |x − 3| · |x + 3|. पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे, दुसरा x बरोबर हलतो. इथे दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो: δ = ε / |x + 3|. चुकलं! डेल्टा x च्या आधी ठरतो. कोणता तुकडा कसा कापला जाईल हे कळण्याआधीच कारागिराला आपली मर्यादा सांगायची आहे. मग काय करायचं? स्वतःवर आधी एक ढोबळ बंधन घालायचं: 3 पासून 1 पेक्षा लांब जायचंच नाही. मग x हा 2 आणि 4 यांच्या मध्ये राहतो, |x + 3| हा 7 पेक्षा कमी राहतो आणि फरक 7|x − 3| च्या आत येतो. म्हणून δ = 1 आणि ε/7 यांतला लहान आकडा. आपल्या गिऱ्हाइकासाठी तो 0.1/7, म्हणजे साधारण 0.0143.

कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्यांना दिसेल की √9.1 म्हणजे 3.0166, तेव्हा 0.0166 पर्यंतही चाललं असतं. चालू द्या. सर्वांत मोठा डेल्टा कुणी मागितलेलाच नाही, पुरेसा असला की झालं. सातच का, म्हणून रात्र जागवू नका.

क्रम मात्र उलटा करू नका. 'आधी एक डेल्टा, मग तोच प्रत्येक एप्सिलॉनला चालतो' असं लिहिलंत, तर 3 च्या आसपास फंक्शन हललंच नाही असा अर्थ होतो. व्याख्येतले दोन शब्द जागा बदलतात आणि x² बाद होतो.

आता जिथे कारागीर हरतो ते बघू. पार्किंगचा दर समजा: एका तासापर्यंत 20 रुपये, त्यापुढे दुसऱ्या तासाला एकूण 40. तासाच्या काट्यावर f(1) = 20. गिऱ्हाईक म्हणालं ε = 25, तर काहीच अडचण नाही, 20 चा फरक बसतो. म्हणून एखादा ढिला एप्सिलॉन पास झाला यावरून काही सिद्ध होत नाही. ε = 10 म्हणा: डेल्टा एक सेकंद घ्या, अर्धा सेकंद घ्या, तासानंतरचा एखादा क्षण त्यात येतोच आणि तिथे 40 भरावे लागतात. बरं, मधला 30 हा आकडा लिमिट म्हणून धरला तर? दोन्हीकडून बरोबर 10 चं अंतर, आणि आपल्याला हवंय 10 पेक्षा कमी. म्हणजे तिथे लिमिटच नाही.

शेवटची बारीक गोष्ट. लिमिटच्या व्याख्येत 0 < |x − 3| असतं, म्हणजे खुद्द 3 ला विचारायचंच नाही. (x² − 9)/(x − 3) ला 3 वर किंमतच नाही, तरी लिमिट 6 आहे, कारण इतरत्र तो x + 3 च आहे. कंटिन्युइटीत लिमिट त्या बिंदूवरच्या किमतीशीच जुळावं लागतं. f(3) = 6 ठेवा, भोक बुजलं. f(3) = 7 ठेवलंत तर ε = ½ म्हणून बघा: 2.999 वर किंमत 5.999, सातपासून एकापेक्षाही जास्त लांब, आणि डेल्टा कितीही छोटा करा, असा x त्यात सापडतोच.