मोटर किती खाते, मीटरला विचारा

मंडळी, विषय घरातल्या उपकरणांच्या खऱ्या वॅटचा आहे. पण सुरुवात आमच्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटरनं करतो, कारण तिच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी वाटणीवरूनही होत नाहीत.

आमच्या खजिनदारांनी सभेत हिशेब मांडला. मोटर एक एचपीची, म्हणजे ७४६ वॅट. रोज दोन तास चालते, म्हणजे महिन्याला ४५ युनिट. मग मोटरच्या मीटरवर ७५ कसे? वरचे ३० कुणी खाल्ले? झालं! पार्किंगमध्ये ज्याची इलेक्ट्रिक स्कूटर, त्याच्याकडं सगळ्यांच्या माना वळल्या. बिचारा शपथा घेऊन दमला. मग वायरमन आला. त्यानं टाँग टेस्टर लावला, सात अँपिअर. २३० नं गुणलं आणि म्हणाला, १६१० वॅट, मोटर गेली, बदला. हसू नका, नव्या मोटरचं कोटेशन त्याच्या खिशातच होतं.

मी म्हटलं, चला मीटरपाशी. मीटरवर छापलेलं असतं, 3200 imp/kWh. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एका युनिटात ३६ लाख वॅट-सेकंद, म्हणून एका लुकलुकीला ११२५ वॅट-सेकंद. मोटर चालू केली. दिवा लुकलुकताच घड्याळ सुरू, आणि ती लुकलुक शून्य धरायची. एक धरलीत तर हिशेब चुकला. पन्नासावी ४५ सेकंदांना आली. ११२५ गुणिले ५०, भागिले ४५. १२५० वॅट! रोज दोन तास, तीस दिवस, बरोबर ७५ युनिट. स्कूटरवाला सुटला.

एचपी ही मोटर शाफ्टला देते ती ताकद. वाइंडिंगच्या उष्णतेत वगैरे जातं ते वेगळं, पण मीटरवर सगळं येतं. वायरमनचा गुणाकार चुकला नव्हता, पण त्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरे वॅट होणारा हिस्सा, धरला नव्हता. मीटर तो धरूनच मोजतं. खजिनदार अजून म्हणतात, ‘तरीपण...’

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर घरचं भराभर सांगतो. आधी मीटरवरचा आकडा बघा. सगळ्यांचा ३२०० नसतो. ३६ लाख भागिले तो आकडा, म्हणजे एका लुकलुकीचे वॅट-सेकंद. फ्रिज मोजताना बाकीचं बंद करा. जे बंद होत नाही ते आधी एकटं मोजून वजा करा. कॉम्प्रेसर चालू असतानाच मोजा, आणि तो सतत चालत नाही म्हणून त्या वॅटला चोवीस तासांनी गुणू नका. गिझरच्या लुकलुकी सेकंदाला दोनच्या आसपास येतात, डोळा चुकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजा. २००० वॅटचा गिझर २१० व्होल्टला साधारण १६७० च भरतो, त्याला बिघाड समजू नका. आणि पाच वॅटच्या राउटरला एका लुकलुकीसाठी पावणेचार मिनिटं उभं राहावं लागतं, तेव्हा त्याचं सोडूनच द्या.