होमस्टेची खोली : आधी बाथरूम आखा, मग पलंग

नमस्कार श्रोतेहो. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या बाजूला घराशेजारी पाहुण्यांसाठी एखादी खोली बांधायचं तुमच्या मनात असेल, तर कागद-पेन्सिल जवळ घ्या. आज एकच खोली आखू. आतून 12 फूट रुंद, 18 फूट लांब, बाथरूम त्यातच.

आपल्याकडे सहसा आधी खोली ठरते आणि उरलेल्या कोपऱ्यात बाथरूम बसवतात. मग पलंगासमोरच बाथरूमचं दार येतं आणि पाइप भलतीकडून फिरतात. आपण उलटं करू. 18 फुटांपैकी मागचा 5 फुटांचा पट्टा आधी वेगळा काढा. अर्धा फूट मधल्या भिंतीला गेला, पुढे साडेबारा फूट राहिले. ती झोपायची खोली.

आता हा मागचा पट्टा 12 फूट लांब आहे. त्यातलं 8 फूट बाथरूमला द्या. अर्धा फूट मधल्या भिंतीला गेला, राहिलेली साडेतीन फुटांची जागा कपड्यांना आणि बॅगांना. तिला दार नको, खोलीकडून मोकळीच ठेवा. बाथरूमचं दार याच जागेतून काढा. त्यामुळे ते थेट पलंगाकडे उघडत नाही. आवाज, वास आणि ओले पाय या मधल्या जागेतच थांबतात. बॅगा ठेवायला दीड फूट उंचीवर कडप्प्याची एक फळी बसवा, म्हणजे खालून पोछा मोकळा फिरतो. लाकडी कपाट ठेवलं, तर पावसाळ्यात त्याच्या पाठीमागे बुरशी धरते आणि सरकवल्याशिवाय ती दिसतही नाही.

बाथरूममध्ये शिरल्यावर ओळ अशी येऊ द्या : आधी बेसिन, मग कमोड, शेवटी अंघोळीची जागा. बेसिनला अडीच फूट, कमोडला अडीच, अंघोळीला तीन. तिन्ही वस्तू मागच्या बाहेरच्या भिंतीला लावा. सगळे पाइप एकाच भिंतीतून बाहेर पडतात, चेंबर घरामागे येतं आणि काही तुंबलं तर प्लंबरला पाहुण्यांच्या खोलीत पाऊल टाकावं लागत नाही. जागा मोकळी असेल तर हा मागचा पट्टा पश्चिमेला घ्या. दुपारनंतरचं ऊन बाथरूम वाळवतं आणि उन्हाळ्यात झोपायची खोली त्याच्या आड राहते. मात्र आपल्याकडचा पाऊसही त्याच दिशेने झोडपतो, म्हणून तिथे छपराची पाखी निदान 3 फूट बाहेर काढा.

आता उताराकडे येऊ. बहुतेक बाथरूम इथेच बिघडतात.

दारापाशी बाथरूमची फरशी खोलीपेक्षा 1 इंच खाली हवी. तिथून बेसिन आणि कमोडच्या 5 फुटांत, फुटाला पाव इंचाच्या निम्मा, म्हणजे सगळा मिळून जेमतेम पाऊण इंच उतार. पुढे अंघोळीच्या जागेला अर्ध्या इंचाची पायरी. आणि तिथून कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपपर्यंत फुटाला पाव इंच, म्हणजे 5 फुटांना सव्वा इंच. बेरीज करा : एक, पाऊण, अर्धा आणि सव्वा. साडेतीन इंच झाले. म्हणजे ट्रॅपची जाळी खोलीच्या तयार फरशीपेक्षा साडेतीन इंच खाली बसली पाहिजे.

प्लंबर ट्रॅप बसवतो तेव्हा फरशी आलेलीच नसते. तो अंदाजाने बसवून जातो. ट्रॅप इंचभर वर राहिला की गवंड्याच्या हाती उतारच उरत नाही, आणि पाणी दाराकडे येतं. मग चौकटीचा खालचा भाग कुजतो, आणि सगळे दोष लाकडाला देतात. म्हणून ट्रॅप बसण्याआधी भिंतीवर खोलीच्या तयार फरशीची रेघ मारून ठेवा आणि प्लंबरला त्या रेघेपासून माप मोजून दाखवायला सांगा. जोतं 2 फूट असलं, तर खाली पाइप न्यायला जागाही पुरते. चौकटीचे पायही लाकडाऐवजी दगडाचे घ्या, खालून 6 इंच पुरे.

कोबा झाल्यावर, लाद्या बसायच्या आधी, ट्रॅपचं तोंड बंद करून 2 इंच पाणी साठवा. पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि 48 तास तसंच राहू द्या. शेजारी तेवढंच पाणी भरलेलं एक घमेलं ठेवा. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं, तर ते उन्हाने गेलं. बाथरूममधलं जास्त उतरलं, तर गळती आहे. ती आताच बुजवा. नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर पलंगाकडच्या भिंतीवर पांढरा लोणा आणि रंगाचे पोपडे दिसतील.

साहित्याचं बोलू. जोत्याला काळा पाषाण घ्याच, तो आपल्याकडे मुबलक आहे. अंघोळीच्या जागेतही तोच टाकी लावलेला काळा दगड चांगला, ओला झाला तरी पाय घसरत नाही. त्यात एक खोट आहे : बोअरचं पाणी जड असेल, तर काळ्यावर पांढरे डाग लगेच दिसतात. रोज अंघोळीनंतर वायपर ओढला की ते धरत नाहीत.

शहाबादी फरशी स्वस्त, थंड, खोलीसाठी उत्तम. पण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. कमोड धुवायच्या आम्लाच्या बाटलीतले दोन थेंब त्यावर पडले, की फेस येतो आणि दगड खडबडीत होतो. तो डाग पुसून जात नाही. तुमच्याकडे साफसफाई करणाऱ्या मावशींना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा : ती बाटली फक्त कमोडपुरती, फरशीला साधा साबण.

शेणाने सारवलेली जमीन पाहुण्यांना आवडते, फोटोही निघतात. पण खोलीत नको. पलंग हलवून वरचेवर सारवायला कोण येणार? शिवाय चाकांच्या बॅगांनी ती उकरते. ती ओटीवर ठेवा. मातीचा गिलावाही जमिनीपासून 3 फुटांच्या वरच घ्या. खाली चुन्याचा घोटलेला गिलावा किंवा दगड असू द्या, कारण पोछ्याचं पाणी रोज तिथेच उडतं.

पलंग 6 बाय साडेसहा फुटांचा, उशी साडेबारा फुटांच्या भिंतीला. बाथरूमकडच्या बाजूला 2 फूट मोकळे ठेवा, तेवढ्यात वाकून चादर खोचता येते. पलंगाखाली एक फूट उंची हवी, म्हणजे केरसुणी शेवटपर्यंत जाते. आठ इंचांपेक्षा कमी उंची असली, की धूळ, केस आणि कधी पाहुण्यांची चप्पल तिथेच राहते.

चादरींचे तीन जोड : एक पलंगावर, एक धुण्यात, एक घडीत. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबककडे जाडी चादर दोन दिवस वाळत नाही, तेव्हा चौथा जोड लागतोच. रंगीत चादरी मळ लपवतात म्हणून घेऊ नका, पांढऱ्याच घ्या. त्या उकळता येतात आणि डाग पडला की लगेच दिसतो.

आता शेवटची, पण वर्षातून अनेकदा उपयोगी पडणारी गोष्ट. खोली पंधरा-वीस दिवस रिकामी राहिली की ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि गटाराचा वास खोलीत येतो. लोक संडासाची टाकी उपसायला माणूस बोलावतात. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी नहाणीत दोन तांबे पाणी ओता, कमोड एकदा फ्लश करा, बेसिनचा नळ मिनिटभर सोडा. एवढ्याने वास गेला नाही, तरच टाकीचं झाकण उघडा.