उशीर कुणाच्या नावावर?

(दृश्य: जुना वाडा, रात्र. लाइटमन केबली गुंडाळत आहेत.)

पॅक-अप झालंय. युनिटचे लोक गाड्यांकडे निघालेत. ओसरीवर एक सहायक दिग्दर्शक मात्र लॅपटॉप उघडून बसलाय. त्याचं जेवण आज मागे पडणार, कारण आधी डीपीआर भरायचा आहे. डीपीआर म्हणजे डेली प्रॉडक्शन रिपोर्ट, दिवसभराच्या शूटिंगची लेखी नोंद. आदल्या रात्री वाटलेली कॉल शीट, म्हणजे दिवसाच्या कामाचं ठरलेलं वेळापत्रक, शेजारी ठेवूनच तो वाचायचा असतो.

एक नमुन्याचा दिवस घेऊ. वाईजवळच्या वाड्यात मराठी सिनेमाचं शूटिंग, शिफ्ट सकाळी 7 ते संध्याकाळी 7. कॉल शीटवर तीन सीन, पटकथेची मिळून सव्वाचार पानं. पहिला शॉट साडेआठला लागायचा होता. तो लागला 9 वाजून 50 मिनिटांनी.

(दृश्य: पडद्यावर डीपीआरचा तक्ता. ‘उशिराचं कारण’ हा रकाना.)

म्हणजे 80 मिनिटं गेली. कारणाच्या रकान्यात पटकन लिहिलं जातं, ‘लाइटिंगला वेळ लागला’. ते खोटं नाही, पहिल्या शॉटआधी सगळे लाइटिंगचीच वाट बघत होते. पण असं लिहिलं की उशीर कॅमेरामनच्या खात्यावर जातो. खरी गोष्ट अशी, की साडेसहाला यायचा जनरेटर 7.50 ला आला. म्हणून जाणता सहायक दोष लिहीत बसत नाही, वेळा लिहितो: जनरेटर आला 7.50, लाइट सुरू 8.05, पहिला शॉट 9.50. त्या तीन ओळींवरून कुणालाही हिशेब लागतो. जनरेटर किती तास चालला हे मोजणाऱ्या आवर मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंगही शेजारी टिपलेलं असतं.

ही 80 मिनिटं सकाळीच संपत नाहीत. दुसऱ्या सीनमध्ये एक लहान मुलगा आहे. बालकामगार कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. डीपीआरमध्ये त्याची आल्याची वेळ 8.30, सोडल्याची 1.30. आल्यापासूनचे तास धरणं केव्हाही बरं, म्हणून युनिटने तेच धरले. दीड वाजला तेव्हा त्याचा क्लोज-अप राहिलेलाच होता. सीन अर्धवट, पानं झाली पावणेचार. अर्धं पान शिल्लक.

संध्याकाळी पॅक-अप 8.10 ला. सकाळी 80 मिनिटं गमावली, दिवसभरात त्यातली दहा भरून निघाली, तीही एक क्लोज-अप सोडून. उरलेले सत्तर म्हणजे अख्ख्या युनिटचा ओव्हरटाइम. प्रत्येक खात्याची येण्या-जाण्याची वेळ वेगळी लिहायची ती याचसाठी. मेकअपवाले सहालाच आलेले असतात, त्यांचा हिशेब सातपासून धरला तर त्यांच्यावर अन्याय होतो.

(दृश्य: फिल्मचा डबा, मग मेमरी कार्ड.)

आता फुटेज. फिल्मच्या काळात हा रकाना फुटांत भरायचे. 400 फुटांचा 35 मिलिमीटरचा रोल जेमतेम साडेचार मिनिटं चालायचा. त्यात समजा 210 फूट चांगले टेक, 130 एनजी म्हणजे फसलेले टेक, 20 वाया आणि 40 फूट न वापरलेली शेपटी, तर बेरीज बरोब्बर 400 यायलाच हवी. फिल्म महाग होती, बेरीज चुकली की कॅमेरा असिस्टंटला जाब विचारला जायचा.

आज कार्ड पुसून पुन्हा वापरता येतं, त्यामुळे धोका निराळा आहे. आपल्या दिवशी कंटिन्युटीच्या वहीत 61 टेक आहेत आणि हार्ड डिस्कवर क्लिप 60. एक टेक गेला कुठे? बहुतेक वेळा कॅमेरा रोल न होताच क्लॅप दिलेला असतो, आणि साउंड रेकॉर्डिस्टच्या यादीवरून ते कळतं. पण क्वचित एखादं कार्ड कॉपी व्हायचंच राहिलेलं असतं. म्हणून तिन्ही याद्या जुळून दोन प्रती तपासल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आकडा जुळवायला 60 चा 61 करून टाकणारेही भेटतात. त्यांच्या डीपीआरला रद्दीची किंमत.

(दृश्य: सकाळ. प्रॉडक्शनची खोली.)

दुसऱ्या दिवशी हा कागद निर्मात्याच्या ऑफिसात पोचतो. जनरेटरवाल्याचं बिल साडेसहापासूनचं आलेलं आहे, डीपीआरवर 7.50. त्यावरून फोनवर थोडी हुज्जत होते, मीटरचं रीडिंग वाचून दाखवलं जातं आणि बिल कमी होतं. ओव्हरटाइमचे पैसे काही त्यातून परत मिळत नाहीत. तोवर नव्या कॉल शीटवर मुलाचा क्लोज-अप पहिल्या शॉटला चढलाय, आणि जनरेटरची वेळ साडेपाच केलीय.